पाच प्रतींचे शेरे, एक प्रत

आमची संस्था गावोगावच्या पाणी समित्यांसाठी पुस्तिका काढते. मजकूर लिहून, पानं लावून झाली की पहिल्या प्रूफची पीडीएफ पाच जणांकडे तपासायला जाते आणि पाचही जण आपापल्या प्रतीवर शेरे मारून ती परत पाठवतात. या पाच प्रतींवरचे सगळे शेरे एकाच पीडीएफवर आणायचे, त्यावर निर्णय घ्यायचे आणि ती एकच प्रत डीटीपी करणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यायची, हे माझं काम. ‘गावाच्या पाण्याचा ताळेबंद’ या विषयावरच्या 96 पानी पुस्तिकेच्या वेळी या कामातले जवळजवळ सगळे पेच एकत्र आले होते, म्हणून तिच्याच आधाराने सांगते.

तपासणारे पाच जण असे: एक भूजलतज्ज्ञ, एक कृषी विषयाचे जाणकार, एक मुद्रितशोधक, पुस्तिकेची चित्रं काढणारा चित्रकार आणि गावांत प्रत्यक्ष बैठका घेणारी आमची क्षेत्र समन्वयक. पाचही जणांच्या वाचण्याच्या तऱ्हा वेगळ्या आणि शेरे मारण्याची साधनंही वेगळी. कुणी संगणकावर, कुणी टॅबवर, तर समन्वयकताईंनी छापील प्रतीवर लाल पेनाने.

या कामात पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती ही, की पीडीएफमधला शेरा शब्दाला चिकटलेला नसतो, कागदावरच्या जागेला चिकटलेला असतो. वर्डमध्ये एखाद्या शब्दावर शेरा मारला आणि वर दोन परिच्छेद वाढवले, तर शेरा त्या शब्दाबरोबर खाली सरकतो. पीडीएफमध्ये तसं होत नाही. तिथे पानाचा मजकूर वेगळा साठवलेला असतो आणि शेरे त्या पानाच्या स्वतंत्र यादीत असतात. प्रत्येक शेऱ्याबरोबर पान क्रमांक, पानावरच्या चौकटीचे आकडे, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, शेऱ्याचा मजकूर आणि त्याची स्वतःची एक ओळखखूण एवढं नोंदलेलं असतं. आकडे मोजायचं एकक इंचाचा 72वा भाग आणि मोजणी साधारणपणे पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून. पिवळा पट्टा ‘पाऊस’ या शब्दावर दिसतो, पण त्या पट्ट्याला ‘पाऊस’ माहीत नसतो. त्याला 23वं पान आणि चार कोपरे माहीत असतात. शेरे मजकुरापासून वेगळे असल्यामुळेच ते एका प्रतीवरून उचलून दुसरीवर ठेवता येतात, आणि ते फक्त जागेला बांधलेले असल्यामुळेच दुसऱ्या प्रतीवर चुकीच्या ठिकाणी पडू शकतात.

म्हणून शेरे एकत्र करण्याआधी मी प्रती तपासते. पाचही जणांनी एकाच प्रूफवर काम केलंय का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘प्रूफ 1’ आणि तारीख छापलेली असते, ती पाहायची. एकूण पानं मोजायची. तरीही शंका राहिली तर फाइलच्या पोटातली ओळख पाहायची. पीडीएफच्या शेवटी `/ID` नावाची दोन भागांची खूण असते. पहिला भाग फाइल तयार होताना ठरतो आणि नंतर शेरे मारून जतन केली तरी बहुतेक प्रोग्राम तो तसाच ठेवतात. दुसरा भाग बदलत राहतो. `qpdf` हे मोफत साधन असेल तर ही खूण एका ओळीत दिसते:

```
qpdf --show-object=trailer prat.pdf
```

फाइलींचा पहिला भाग जुळला तर त्या एकाच मूळ प्रतीच्या आहेत. कृषी जाणकारांच्या प्रतीचा जुळला नाही, आणि तिची पानंही 94 भरली. त्यांना काही दिवस आधी चाळायला म्हणून कच्ची प्रत गेली होती आणि त्यांनी तीच बारकाईने तपासली होती. त्यानंतर पुस्तिकेत आठव्या पानाच्या पुढे ‘ही पुस्तिका कशी वापरावी’ अशी दोन पानं वाढली होती. त्यांचे शेरे तसेच नव्या प्रतीवर आणले असते, तर आठव्या पानापुढचा प्रत्येक शेरा दोन पानं आधी पडला असता. अशी चूक ओळखायलाही सोपी नाही, कारण मजकुराच्या प्रत्येक पानावर ओळी सारख्याच जागी असतात. पट्टा कुठल्या तरी ओळीवर बसतोच. ‘हा आकडा तपासा’ असा शेरा भलत्याच आकड्यावर पडला तर वाचणारा तो आकडा निमूटपणे तपासत बसतो.

यावर सरळ उपाय आहे. शेरे पानाच्या यादीत असल्यामुळे पान हललं की त्याच्याबरोबर शेरेही हलतात. तेव्हा शेरे हलवायचे नाहीत, जुन्या प्रतीत वाढलेली दोन पानं घालून तिला 96 पानांची करायची:

```
qpdf juni.pdf --pages . 1-8 navi.pdf 9-10 . 9-z -- julavleli.pdf
```

म्हणजे जुन्या प्रतीची 1 ते 8 पानं, मग नव्या प्रतीची 9 आणि 10, मग जुन्याची नववीपासून शेवटपर्यंत. अॅक्रोबॅटमध्ये पानं घालण्याच्या सोयीनेही हेच होतं. आता त्यांच्या प्रतीतला 21व्या पानावरचा शेरा 23व्या पानावर आला. मात्र हा उपाय पानं वाढली वा कमी झाली असतील तेवढ्यापुरताच आहे. पानाच्या आतला मजकूर सरकला असेल तर आकडे काही कामाचे नाहीत. चौथ्या प्रकरणातल्या एका तक्त्यात दोन ओळी वाढल्या होत्या, त्यामुळे त्या पानावरचे त्यांचे पट्टे दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर दिसत होते. पट्टा अर्ध्या ओळीवर किंवा समासात लटकलेला दिसला, की त्या पानाचा मजकूर हलला आहे असं समजावं आणि तेवढ्या पानाचे शेरे जुनी प्रत शेजारी ठेवून हातानेच लावावेत.

दुसरा प्रश्न नावांचा. शेऱ्याबरोबर जे नाव साठवलं जातं ते बहुधा संगणकावर लॉगिन केलेलं नाव असतं. भूजलतज्ज्ञ आणि मुद्रितशोधक या दोघांच्याही संगणकांवर ते `admin` होतं. वेगवेगळ्या फाइलींत असेपर्यंत याचा त्रास नाही, कारण फाइल कुणाची ते आपल्याला माहीत असतं. एकत्र केल्यावर मात्र ‘हा आकडा चूक आहे’ असं तज्ज्ञांनी म्हटलंय की मुद्रितशोधकांनी, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि निर्णय घेताना नेमकं तेच कळावं लागतं. एकत्र केल्यानंतर शेकडो शेऱ्यांची नावं वेगळी काढणं जवळजवळ अशक्य, आधी करणं अगदी सोपं. अॅक्रोबॅटमध्ये शेऱ्यांच्या पॅनेलच्या मेनूत `Export All To Data File` आहे. त्यातून `XFDF` प्रकारची फाइल काढली, की फक्त शेरे साध्या मजकुराच्या रूपात मिळतात. त्यातला एक शेरा, गाभ्यापुरता, असा दिसतो:

```xml
<highlight page="22" title="admin"
  rect="85.0,512.4,310.6,528.0">
  <contents>हजार → दहा हजार</contents>
</highlight>
```

यात `title` म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव. नोटपॅडमध्ये फाइल उघडून `title="admin"` च्या जागी सगळीकडे `title="भूजल"` घालायचं आणि फाइल यूटीएफ-8 मध्येच जतन करायची, नाहीतर देवनागरी शेऱ्यांची प्रश्नचिन्हं होतात. इथे पानांची मोजणी शून्यापासून असते हेही लक्षात ठेवायचं. `page="22"` म्हणजे आपलं 23वं पान. आता पुढच्या कामांसाठी सगळ्यांना सुरुवातीलाच सांगते, की अॅक्रोबॅटच्या `Preferences` मध्ये `Commenting` खाली लॉगिनचं नाव वापरण्याची खूण काढा आणि `Identity` मध्ये स्वतःचं नाव लिहा.

चित्रकाराच्या प्रतीत वेगळीच अडचण निघाली. पानांवर त्याचे गोल, बाण, चिठ्ठ्यांची चिन्हं सगळं दिसत होतं, पण शेऱ्यांचं पॅनेल रिकामं. त्याने टॅबवरून फाइल पाठवताना ती ‘प्रिंट’च्या वाटेने नवी पीडीएफ करून पाठवली होती. असं केलं की शेरे पानाच्या चित्रात मिसळून जातात. ते शेरे राहत नाहीत, पानावरची रंगरेघ होतात. त्याहून वाईट म्हणजे मिटलेल्या चिठ्ठीच्या आत लिहिलेला मजकूर प्रिंटमध्ये येतच नाही, तिचं फक्त चिन्ह उरतं. पट्ट्यावर टिचकी मारून तो निवडला जात नसेल तर शेरे असे मिसळले आहेत असं ओळखावं. अशा फाइलीतून काही परत काढता येत नाही, मूळ फाइलच मागवावी लागते. त्याच्या टॅबवर ती होती, त्यामुळे 17 शेरे सुखरूप मिळाले.

समन्वयकताईंच्या छापील प्रतीच्या फोटोंवरचे शेरे मात्र हातानेच उतरवावे लागले. त्यासाठी मी मूळ प्रूफची एक कोरी प्रत घेते, `Identity` मध्ये तात्पुरतं त्यांचं नाव घालते आणि त्यांचा प्रत्येक शेरा त्यांच्याच शब्दांत, त्याच जागी चिठ्ठी म्हणून लिहिते. त्यांचं वाक्य मी ‘नीट’ करत नाही. ‘हे बायकांना नाही समजणार’ असं त्यांनी लिहिलं असेल तर तसंच. त्यांची 29 टिपणं अशी उतरवली.

देवनागरीमुळे येणारी एक अडचण मराठी पुस्तकावर काम करणाऱ्याला टाळता येत नाही. बऱ्याच प्रोग्राममध्ये पट्टा मारलेला मजकूर आपोआप शेऱ्यात उतरवून घेण्याची सोय असते. इंग्रजीत ती फार उपयोगी पडते. मराठीत मात्र पीडीएफमधून मजकूर उचलताना वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये लावलेलं असेल तर मराठी शब्दाऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळच उतरतो. म्हणून आमच्याकडे पद्धत ठरली आहे, की ती सोय बंद ठेवायची आणि शेऱ्यात चुकीचा शब्द व दुरुस्त शब्द दोन्ही स्वतः टाइप करायचे, मधे बाण घालून. याचा आणखी एक फायदा होतो. पट्टा चुकून दुसऱ्या ओळीवर पडला तरी शेरा कोणत्या शब्दाबद्दल आहे ते शेऱ्यातच लिहिलेलं असतं. थेट पानावर टाइप करण्याच्या चौकटी टाळून चिठ्ठीतच लिहा, असंही सांगते. त्या चौकटीच्या फाँटमध्ये देवनागरी नसली तर दुसऱ्याच्या संगणकावर रिकामे चौकोन दिसतात.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष एकत्र करणं हे सगळ्यात लहान काम. मूळ प्रूफची कोरी प्रत नव्या नावाने जतन करायची, ती उघडून शेऱ्यांच्या मेनूतून `Import Data File` घ्यायचं आणि एकेक फाइल आत आणायची. पीडीएफ, `FDF` आणि `XFDF` तिन्ही चालतात. एकदम पाचही फाइली निवडता येतात, पण मी एकेक आणते आणि दर वेळी मोजते. भूजल 64, कृषी 38, मुद्रितशोधक 212, चित्रकार 17, समन्वयक 29, एकूण 360. प्रत्येक फाइल आत आल्यावर पॅनेलमधला आकडा तेवढ्यानेच वाढला पाहिजे. शेवटी लिहिणाऱ्याच्या नावाने गाळून पुन्हा पाचही आकडे जुळवायचे. आकडा कमी भरला तर काहीतरी सुटलंय, जास्त भरला तर बहुधा कुणाची तरी फाइल दोनदा आली आहे. मूळ पाच प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा राहतात. त्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

इथपर्यंत मी एकही शेरा योग्य की अयोग्य हे ठरवलेलं नसतं, आणि हे मी मुद्दाम पाळते. शेरे आणताना ‘हा तर उघडच बरोबर आहे’, ‘हा तर तोच मुद्दा पुन्हा’ म्हणून गाळत गेलं, की निर्णय अर्धवट माहितीवर होतात. आधी सगळे एका जागी आणायचे, मग ठरवायचं. या दोन कामांमध्ये भिंत का हवी, हे त्या पुस्तिकेच्या 23व्या पानावर फार स्पष्ट दिसलं.

त्या पानावर वाक्य होतं: ‘एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हजार लिटर पाणी मिळते.’ यावर चार जणांचे शेरे एकावर एक पडले होते. इतके, की रंग मिसळून ओळ मातकट दिसत होती आणि खालचे शेरे टिचकीने उघडत नव्हते. ते पॅनेलमधूनच वाचावे लागले. भूजलतज्ज्ञांचा शेरा: ‘हजार → दहा हजार’. कृषी जाणकारांचा: ‘लिटर काढा, 10 घनमीटर लिहा’. मुद्रितशोधकांचा: ‘एक हजार → 1000, इतरत्र आकडे अंकांत आहेत’. समन्वयकताईंचा: ‘किती पाणी ते डोळ्यांसमोर येत नाही, टँकरमध्ये सांगा’.

हे चार शेरे वेगवेगळ्या फाइलींत, वेगवेगळ्या दिवशी वाचले तर चार सुट्या दुरुस्त्या वाटतात. पहिल्या दोन तर एकमेकींच्या विरोधात आहेत असंही वाटतं. एकत्र ठेवल्यावर कळतं, की तसं नाही. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग पाणी, म्हणजे 10 घनमीटर. एका घनमीटरमध्ये 1000 लिटर, म्हणून 10,000 लिटर. दोन्ही तज्ज्ञ एकच गोष्ट दोन एककांत सांगत होते आणि मूळ वाक्यातला आकडा दहापटीने कमी होता. मुद्रितशोधकांची सूचना त्यांच्या जागी पूर्ण रास्त होती, पण तेवढीच मान्य केली असती तर चुकीचा आकडा अंकांत, जास्त ठसठशीतपणे छापला गेला असता. आणि समन्वयकताईंच्या शेऱ्यामुळे वाक्याला खरा उपयोग मिळाला, कारण दहा हजार लिटरचा टँकर गावकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला. ठरलेलं वाक्य असं झालं: ‘एक हेक्टर शेतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10 घनमीटर म्हणजे 10,000 लिटर पाणी पडते. हे पाणी दहा हजार लिटरच्या एका टँकरएवढे असते.’ ‘मिळते’चं ‘पडते’ झालं तेही चर्चेतच. पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही, काही वाहून जातं, काहीची वाफ होते, आणि ताळेबंदाची पुस्तिका लिहायची ती नेमकी हाच फरक समजावून द्यायला.

निर्णय नोंदवण्याची माझी रीत अशी आहे. एका जागेवर अनेक शेरे असतील तर त्यांतल्या एकाला `Reply` देऊन त्यात छापायचं अंतिम वाक्य पूर्ण लिहायचं आणि बाकीच्यांना ‘वरचा निर्णय पाहा’ एवढं उत्तर द्यायचं. प्रत्येक शेऱ्याला `Accepted` किंवा `Rejected` अशी स्थिती लावायची. नाकारलेला शेरा पुसायचा नाही, का नाकारला ते एका वाक्यात लिहायचं. डीटीपी करणाऱ्याने कुणाचं बरोबर हा विचार करण्यात वेळ घालवू नये. त्याने उत्तरातलं वाक्य घ्यावं आणि पानावर लावावं. एक काळजी मात्र घ्यावी लागते. उत्तरं आणि स्थिती या गोष्टी पीडीएफमध्ये मूळ शेऱ्याशी जोडलेल्या वेगळ्या नोंदी असतात आणि काही साधे प्रोग्राम त्या दाखवत नाहीत. म्हणून फाइल देण्याआधी ती त्याच्याच संगणकावर उघडून दोन-तीन उत्तरं दिसतात का ते पाहते. दिसत नसतील तर सगळ्या शेऱ्यांचा सारांश वेगळ्या पीडीएफमध्ये काढून सोबत देते.

ही सगळी खटपट कशाला, सगळ्यांना एकाच ऑनलाइन प्रतीवर शेरे मारायला सांगा, असं मला अनेकदा सुचवलं जातं. मुद्रिताच्या शेवटच्या फेरीत, जिथे फक्त टंकनाच्या चुका उरलेल्या असतात, तिथे मी तसंच करते आणि काम लवकर होतं. पहिल्या फेरीत मात्र नाही. सामाईक प्रतीवर दुसरा वाचणारा पहिल्याचा पट्टा पाहतो, ‘हे कुणीतरी पाहिलेलं आहे’ असं समजून पुढे जातो किंवा त्याच्याच मुद्द्याला धरून बोलतो. 23व्या पानावर भूजलतज्ज्ञांची ‘दहा हजार’ ही दुरुस्ती आधीच दिसत असती, तर समन्वयकताईंनी टँकरबद्दल लिहिलं असतं असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या तज्ज्ञांनी ओळ दुरुस्त केली म्हटल्यावर त्यांचा हात तिथे थांबला असता. पाच जणांनी एकमेकांचं न पाहता वाचलेलं पुस्तक म्हणजे पाच स्वतंत्र मतं. ती एकत्र करण्याचे कष्ट मी आनंदाने घेते, कारण त्या कष्टांशिवाय ती स्वतंत्र राहत नाहीत.

दुरुस्त्या होऊन दुसरं प्रूफ आलं, की जुनी एकत्रित प्रत आणि नवं प्रूफ शेजारी शेजारी उघडून मी पहिल्या शेऱ्यापासून खाली येते. शेरे जुन्याच प्रतीवर राहतात, नव्यावर आणत नाही, कारण आता पानांतला मजकूर हललेला असतो. जी दुरुस्ती नव्या प्रूफात नीट उतरली तिला `Completed`, जी राहिली ती पुन्हा डीटीपीकडे. मान्य शेरे सगळे `Completed` झाले, नाकारलेल्या प्रत्येकाखाली कारण आहे आणि स्थिती न लावलेला एकही शेरा गाळणीत सापडत नाही, तेव्हाच मी फाइल छपाईला सोडते.